हारूत, मारूत आणि शुक्राची चांदणी : एका कथेची साक्ष-तपासणी

१.
पहाटे पूर्वेला किंवा सांजेला पश्चिमेला जी लखलखीत चांदणी दिसते, तिला आपण शुक्राची चांदणी म्हणतो. अरबीत तिचे नाव जुहरा. इस्लामी जगात शतकानुशतके सांगितल्या गेलेल्या एका कथेनुसार ही चांदणी एके काळी पृथ्वीवरची अप्रतिम सुंदर स्त्री होती आणि तिच्यापायी दोन देवदूत बंदिवान झाले. ही कथा मोठमोठ्या संग्रहांत आहे. ती खुद्द पैगंबरांच्या नावावर आहे. तरीही चौदाव्या शतकात दमास्कसमधल्या एका विद्वानाने ती पैगंबरांची नव्हे, असा निर्वाळा दिला. तो त्याने कोणत्या आधारावर दिला, त्याची ही हकिकत.

२.
आधी कथा. पृथ्वीवर माणसे पापे करतात हे पाहून देवदूत ईश्वराला म्हणाले की, आम्ही त्यांच्या जागी असतो तर असे वागलो नसतो. तेव्हा त्यांना आपल्यातले दोघे निवडायला सांगण्यात आले. हारूत आणि मारूत यांची निवड झाली आणि दोघे पृथ्वीवर उतरले. तेथे जुहरा त्यांच्यासमोर सुंदर स्त्रीच्या रूपात आली. दोघांचे मन तिच्यावर गेले. तिने अट घातली की, आधी ईश्वराला भागीदार असल्याचे म्हणा. ते त्यांनी नाकारले. मग तिने एक लहान मूल आणून त्याला मारायला सांगितले. तेही त्यांनी नाकारले. शेवटी तिने मद्याचा पेला पुढे केला. एवढ्याने काय होते, असे म्हणून ते प्याले. नशेत त्यांनी व्यभिचारही केला आणि मुलाचा जीवही घेतला. शुद्धीवर आल्यावर त्यांना इहलोकीची शिक्षा की परलोकीची, असे विचारण्यात आले. त्यांनी इहलोकीची निवडली.

३.
पुढे कथेला फाटे फुटले. कुठे ते दोघे बाबिलच्या विहिरीत उलटे टांगलेले आहेत. कुठे त्या स्त्रीने त्यांच्याकडून आकाशात चढण्याचा मंत्र काढून घेतला, ती वर गेली आणि तिथेच तारा होऊन राहिली. एका पाठात तारा स्त्री होतो, तर दुसऱ्यात स्त्री तारा होते. कथा तोंडोतोंडी फिरली की तिचे असे होते. पण यातले मूळ किती आणि भर किती, हे ठरवायचे कसे?

४.
मूळ म्हणजे कुराण. तेथे या दोघांचा उल्लेख एकदाच येतो, सूरा बकराच्या १०२व्या आयतीत. तिच्यातला मजकूर थोडक्यात असा : बाबिलमध्ये हारूत आणि मारूत यांच्याकडून लोक जादू शिकत. पण शिकवण्यापूर्वी ते दोघे बजावत की, आम्ही केवळ कसोटी आहोत, तुम्ही श्रद्धा सोडू नका. तरी लोक पती-पत्नीत फूट पाडणारी विद्या शिकत. बस, इतकेच. त्यात जुहरा नाही, मद्य नाही, मूल नाही, विहीर नाही आणि शिक्षाही नाही. आयत जिथे थांबते तिथून पुढे ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो : देवदूत असून हे दोघे जादू शिकवायला तिथे आले कसे? कथा त्या मोकळ्या जागेत वाढली.

५.
एक सुंदर कथा आहे, राहू द्यावी, असे कुणी म्हणेल. पण धर्मशास्त्राच्या दृष्टीने तिची किंमत फार मोठी होती. मुस्लिम श्रद्धेच्या मूलभूत कलमांत देवदूतांवरचा विश्वास येतो. सहीह मुस्लिम या संग्रहातील आयेशा यांच्या कथनानुसार देवदूत प्रकाशापासून आणि जिन्न अग्निज्वालेपासून निर्माण झाले. कुराण देवदूतांचे वर्णन आज्ञा न मोडणारे असे करते. आणि कुराण पैगंबरांपर्यंत आणणारा जिब्रील हाही देवदूतच. पेलाभर मद्याने देवदूत ढळत असेल, तर निरोप आणणारा निरोपात काही बदल करणारच नाही, याची हमी कोण देणार? एका चांदणीची गोष्ट अशी थेट ग्रंथाच्या विश्वसनीयतेला जाऊन भिडत होती.

६.
म्हणून अनेकांनी ती सिद्धान्ताच्या बळावर फेटाळली. बाराव्या शतकातले काझी इयाज आणि त्यांच्यानंतरचे भाष्यकार फख्रुद्दीन राझी या दोघांचाही रोख असा की, देवदूत पाप करीत नाहीत, सबब ही कथा खरी असू शकत नाही. त्यांच्याही बऱ्याच आधी बसऱ्याच्या हसन यांनी आयतीतला 'दोन देवदूत' हा शब्द एका स्वराच्या फरकाने 'दोन राजे' असा वाचला होता. त्या वाचनात अडचण मुळातच उरत नाही. पण या मार्गात एक उणीव राहते. कथा पैगंबरांनीच सांगितली असेल, तर सिद्धान्तालाच तिच्यापुढे वाकावे लागेल. आधी हे ठरायला हवे की, ती त्यांनी सांगितली होती का? हा प्रश्न तर्काचा नव्हे, साक्षीचा आहे.

७.
इथे इब्न कसीर येतात. सीरियातल्या बुस्राजवळच्या गावात जन्मलेले आणि दमास्कसमध्ये वाढलेले हे विद्वान १३७३ मध्ये वारले. कुराणावरचे त्यांचे भाष्य आजही घरोघर वाचले जाते. त्यांच्या हातात जे हत्यार होते त्याला इस्नाद म्हणतात, म्हणजे कथन करणाऱ्यांची साखळी. हदीस सांगताना, मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने, अशी नावे पैगंबरांपर्यंत जोडायची. प्रत्येक कडी तपासायची : हा माणूस कोण, खरे बोलणारा होता का, स्मरणाचा पक्का होता का, आधीच्या माणसाला तो भेटला होता का? एक कडी कच्ची निघाली की सगळी साखळी तेवढीच कच्ची.

८.
ही कथा अहमद इब्न हनबल (मृत्यू ८५५) यांच्या मुस्नद या विशाल संग्रहात आहे. तिथली साखळी अशी : पैगंबरांकडून त्यांचे सहकारी अब्दुल्ला इब्न उमर, त्यांच्याकडून त्यांचा मुक्त केलेला गुलाम नाफिअ, त्याच्याकडून मूसा इब्न जुबैर, त्याच्याकडून जुहैर इब्न मुहम्मद, आणि पुढे अहमद यांच्या गुरूंपर्यंत. नावे पाहिली तर वजनदार आहेत. इब्न कसीर स्वतःच सांगतात की, एक सोडून यातले सगळे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही श्रेष्ठ संग्रहांतल्या कथनकारांपैकी आहेत. तो एक म्हणजे मूसा इब्न जुबैर.

९.
मूसाबद्दल कुणी काही वाईट लिहिलेले नव्हते, आणि अडचण नेमकी तिथेच होती. कथनकारांच्या गुणदोषांची नोंद करणारे इब्न अबी हातिम त्याचे नाव देतात, पण भले-बुरे काहीच लिहीत नाहीत. अशा माणसाला त्या शास्त्रात 'झाकलेला' म्हणतात : तो होता हे माहीत, कसा होता हे अज्ञात. इब्न हिब्बान यांनी त्याला विश्वसनीयांच्या यादीत घेतले, पण सोबत शेराही मारला की, तो चुका करतो आणि इतरांच्या विरुद्ध सांगतो. आपल्याकडे कोर्टात एखादा अनोळखी साक्षीदार इतरांपेक्षा वेगळेच सांगू लागला तर न्यायाधीश जसा सावध होतो, तसे इब्न कसीर इथे सावध झाले.

१०.
मग त्यांनी नाफिअपासून निघणाऱ्या दुसऱ्या वाटा शोधल्या. तबरी (मृत्यू ९२३) यांच्या भाष्यात एक सापडते, आणि तिच्यातले चित्र मोठे जिवंत आहे. नाफिअ इब्न उमर यांच्याबरोबर प्रवासात आहे. रात्र सरत आली आहे. इब्न उमर दोन-तीनदा विचारतात, ती तांबडी उगवली का ते बघ. ती उगवल्याचे कळताच ते म्हणतात, तिचे स्वागत नसो. नाफिअ चकित होतो : आज्ञेत चालणाऱ्या ताऱ्यावर एवढा राग का? त्यावर ते म्हणतात, मी पैगंबरांकडून ऐकले तेच सांगतो आहे, आणि कथा सुरू होते. दृश्य इतके खरे वाटते की विश्वास बसू लागतो. पण या साखळीतला फरज इब्न फदाला हा कथनकार हदीसतज्ज्ञांनी दुर्बल ठरवलेला आहे. सांगणारा रंगवून सांगतो म्हणून साक्ष पक्की होत नाही.

११.
यानंतर इब्न कसीर यांनी जे केले त्यात सगळ्या प्रकरणाचा उलगडा आहे. त्यांनी नाफिअची वाट बाजूला ठेवून पाहिले की, इब्न उमर यांच्याकडून हीच गोष्ट आणखी कुणी ऐकली आहे का? ऐकली होती. त्यांच्या स्वतःच्या मुलाने, सालिमने. अब्दुर्रज्जाक (मृत्यू ८२७) यांच्या भाष्यात ती साखळी आहे : सुफियान सौरी, त्यांना मूसा इब्न उक्बा यांच्याकडून, त्यांना सालिमकडून, त्याला वडील इब्न उमर यांच्याकडून. पण इथे इब्न उमर यांच्यामागे पैगंबरांचे नाव नाही. तिथे नाव आहे काब अल-अहबार यांचे. आणि मूसा इब्न उक्बा यांच्याकडून हेच ऐकणारे सौरी एकटे नाहीत. तबरी दुसऱ्या एका शिष्याच्या मार्गानेही तेच देतात.

१२.
आता दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहाव्यात. एका बाजूला नाफिअपर्यंत नेणारे लोक 'झाकलेले' किंवा दुर्बल, आणि शेवटी पैगंबरांचे नाव. दुसऱ्या बाजूला सौरींसारखा दिग्गज, मूसा इब्न उक्बांसारखा मान्य कथनकार आणि घरातला मुलगा, आणि शेवटी काब. इब्न कसीर यांचा निष्कर्ष असा की, दुसरी वाट अधिक पक्की आहे, आणि वडिलांच्या बोलण्याबाबत सालिम हा नाफिअपेक्षा अधिक भरवशाचा आहे. यात नाफिअवर ठपका नाही. तो तर मदीनेतल्या सर्वांत विश्वसनीय कथनकारांपैकी एक. प्रश्न त्याच्या नावाने बोलणाऱ्यांचा आहे.

१३.
हे काब कोण? येमेनमधले ज्यू विद्वान. दुसरे खलीफा उमर यांच्या काळात त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि पुढे ते सीरियातल्या हिम्स येथे वारले. जुन्या ग्रंथांतल्या आणि परंपरेतल्या गोष्टी ते नव्या मुस्लिम समाजाला सांगत. लोक आवडीने ऐकत, कारण कुराण ज्यांचा उल्लेख दोन ओळींत आटोपते त्यांची भरगच्च हकिकत काब यांच्यापाशी असे. ऐकणाऱ्यांत पैगंबरांचे सहकारीही होते, इब्न उमरही होते. अशा गोष्टींना पुढे इस्राईलियात असे नाव पडले.

१४.
मग चूक झाली कुठे? कुणी मुद्दाम खोटे बोलले, असे मानण्याची गरज नाही. इब्न उमर पैगंबरांच्या शेकडो हदीसी सांगत, आणि एखादे वेळी काब यांची गोष्टही सांगत. ऐकणाऱ्याने वर्षानुवर्षे त्यांच्या तोंडून 'पैगंबर म्हणाले' हेच ऐकलेले. मधले काब यांचे नाव विसरायला आणि जिभेने सवयीचे नाव जोडायला वेळ लागत नाही. हदीसशास्त्रात ही ओळखीची व्याधी आहे. तिचे लक्षणही ठरलेले : एकाच सहकाऱ्याकडून निघालेल्या दोन वाटांपैकी पक्की वाट खालीच थांबते आणि कच्ची वाट पैगंबरांपर्यंत चढते. असे दिसले की चढलेली वाट संशयास्पद धरायची.

१५.
आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अब्दुर्रज्जाक यांच्याकडची काब यांची कथा लहान आहे. देवदूत माणसांच्या पापांबद्दल बोलतात, दोघे निवडले जातात, त्यांना शिर्क, व्यभिचार आणि मद्य यांची मनाई होते, आणि उतरल्या दिवसाची संध्याकाळ व्हायच्या आत ते सगळ्या मनाया मोडतात. जुहरा तिथे नाही. मुलाची हत्या नाही, आणि आकाशात चढवणारा मंत्रही नाही. सर्वांत पक्क्या साखळीने आलेला पाठ सर्वांत साधा आहे. चांदणी नंतर उगवली.

१६.
कथा इस्राईली ठरली म्हणजे आपोआप खोटी ठरली का? नाही. इब्न कसीर यांनी आपले गुरू इब्न तैमिय्या यांच्याप्रमाणे अशा कथांचे तीन भाग केले होते. ज्यांना कुराण किंवा पक्क्या हदीसीचा दुजोरा आहे, त्या खऱ्या. ज्या त्यांच्या विरुद्ध जातात, त्या खोट्या. ज्यांच्याबद्दल दोन्ही नाही, त्या सांगायला हरकत नाही, पण त्यांना खरेही म्हणायचे नाही आणि खोटेही नाही. याला बुखारीतल्या हदीसींचा आधार होता. हारूत-मारूत यांच्याबाबत त्यांचा शेवटचा शब्द संयमाचा आहे : तपशिलांना पैगंबरांपर्यंत जाणारा पक्का आधार नाही. कुराण ही गोष्ट न फुलवता थोडक्यात सांगते, तेव्हा तेवढ्यावर विश्वास ठेवावा आणि त्यामागचे खरे काय ते ईश्वर जाणे.

१७.
प्रकरण इथेच मिटले असते तर सोपे झाले असते. पण इब्न कसीर यांच्यानंतर कैरोत इब्न हजर अस्कलानी (मृत्यू १४४९) झाले. हदीसशास्त्रातला त्यांचा अधिकार कुणीही नाकारत नाही. त्यांनी मुस्नदच्या बचावासाठी एक पुस्तिका लिहिली आणि तिच्यात म्हटले की, या कथेच्या वाटा इतक्या आहेत आणि त्यांतल्या काही इतक्या बळकट आहेत की, त्या एकत्र पाहणाऱ्याला ती घडलीच असावी अशी जवळजवळ खात्री वाटते. त्याही आधी इब्न अल-जौजी यांनी हीच कथा बनावट हदीसींच्या संग्रहात टाकली होती. म्हणजे एकच शास्त्र आणि तीच सामग्री घेऊन जाणकार माणसे तीन वेगळ्या ठिकाणी पोचली.

१८.
फरक कुठे पडला? अनेक दुबळ्या साक्षी मिळून एक सबळ साक्ष होते, हे तत्त्व सगळ्यांनाच मान्य आहे. पण त्याला अट आहे : त्या साक्षी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. वीस जणांनी एकाच कथेकऱ्याकडून ऐकून वीस गावांत सांगितले, तर वाटा वीस होतात, साक्षीदार मात्र एकच राहतो. इब्न हजर यांनी वाटांची संख्या आणि बळ पाहिले. इब्न कसीर यांनी वाटा जिथून फुटतात ती जागा पाहिली. कथा जुनी आहे आणि पहिल्या पिढीत खरोखर सांगितली जात होती, एवढे या वाटांवरून नक्की सिद्ध होते. ती घडली होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

१९.
साक्ष कशाची, हा प्रश्न किती बारकाईने विचारावा लागतो याचे आणखी एक उदाहरण तबरी आणि इब्न कसीर या दोघांच्याही भाष्यात आहे. पैगंबरांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांनी दूमतुल जंदल इथली एक स्त्री त्यांना शोधत मदीनेला आली आणि ते नाहीत हे कळल्यावर ढसाढसा रडली. आयेशा यांना तिने सांगितले : नवरा परागंदा झाला होता. एका म्हातारीने तो परत आणून देते म्हणून सांगितले आणि रात्री दोन काळे कुत्रे आणले. त्यांवर बसून दोघी क्षणात बाबिलला गेल्या. तिथे दोन पुरुष पायांनी टांगलेले होते. त्यांनी तिला परत जायला सांगितले. ती ऐकेना, तेव्हा समोरच्या भट्टीत लघवी करून ये म्हणाले. दोनदा ती घाबरून तशीच परतली. तिसऱ्यांदा तिने ते केले, आणि लोखंडी मुखवट्याचा एक घोडेस्वार आपल्यातून निघून आकाशात जाताना तिला दिसला. ती तुझी श्रद्धा होती, असे त्या दोघांनी सांगितले.

२०.
तिला जादू आली होती. पेरलेला गहू तिच्या शब्दासरशी उगवत, वाळत आणि दळला जात होता. तिने तिचा कधीच वापर केला नव्हता. आपला सर्वनाश झाला का, एवढेच तिला विचारायचे होते. आयेशा सांगतात की, पैगंबरांचे सहकारी तेव्हा हयात होते, पण तिला काय सांगावे हे कुणालाच कळेना. ज्याचे ज्ञान नाही त्यावर निवाडा देण्याचे त्यांना भय वाटले. तिचे आई-वडील किंवा त्यांतले एक जरी हयात असते तर त्यांची सेवा तुला पुरली असती, एवढेच काय ते तिला सांगण्यात आले.

२१.
इब्न कसीर म्हणतात की, आयेशांपर्यंतची ही साखळी चांगली आहे आणि हकिकत विलक्षण आहे. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचायची. साखळी चांगली म्हणजे एक स्त्री खरोखर आली, रडली आणि तिने हे सांगितले. बाबिलला काय घडले याची साक्ष मात्र त्या अनोळखी स्त्रीची एकटीची. आयेशांचा खरेपणा तिच्या कुत्र्यांना लागू होत नाही. लोककथा आणि विश्वसनीय इतिहास इथे एकाच साखळीत आहेत. रेघ आयेशा आणि ती स्त्री यांच्यामधून जाते.

२२.
जिन्नांच्या बाबतीतही हीच पद्धत चालली. जिन्न आहेत, त्यांच्यात श्रद्धावान आणि अश्रद्ध दोन्ही आहेत, एका समूहाने कुराण ऐकून ते स्वीकारले, हे कुराणातच आहे. म्हणून मूळ श्रद्धेबद्दल वाद नव्हता. वाद त्याभोवतीच्या गोष्टींचा होता. पैगंबर जिन्नांना भेटले त्या रात्रीबद्दल एक प्रसिद्ध हदीस आहे. अबू जैद नावाचा माणूस इब्न मसऊद यांच्याकडून सांगतो की, त्या रात्री ते पैगंबरांबरोबर होते. पैगंबरांनी पाणी मागितले, तेव्हा त्यांच्याकडे फक्त खजूर भिजवलेले पाणी होते, आणि पैगंबरांनी त्यानेच वजू केला. तिच्यावर धर्माचा एक नियम उभा राहिला : साधे पाणी नसेल तर खजुराच्या पाण्याने वजू चालेल, असे इमाम अबू हनीफा यांचे मत म्हणून सांगितले जाते.

२३.
पण तिर्मिजी आपल्या संग्रहात नोंदवतात की, हा अबू जैद हदीसतज्ज्ञांना अज्ञात आहे आणि याखेरीज त्याचे दुसरे कथन माहीत नाही. उलट सहीह मुस्लिममध्ये इब्न मसऊद यांचे निकटचे शिष्य अल्कमा त्यांना थेट विचारतात की, त्या रात्री तुमच्यापैकी कुणी पैगंबरांबरोबर होते का? उत्तर : कुणीही नाही. ते दिसेनासे झाले तेव्हा आम्ही दऱ्याखोऱ्या धुंडाळल्या आणि अत्यंत वाईट रात्र काढली. पहाटे ते हिराच्या बाजूने येताना दिसले. पैगंबर जिन्नांना एकापेक्षा अधिक वेळा भेटले असावेत, असे म्हणून काहींनी दोन्ही कथनांचा मेळ घातला. पण अबू हनीफांच्याच पंथातले तहावी (मृत्यू ९३३) यांनी या हदीसीचा आधार मानला नाही. आपल्या इमामाच्या मताला टेकू देणारी साक्ष आपणच नाकारणे, ही या शास्त्राची खरी कसोटी होती.

२४.
साक्षीचा हा कडकपणा रोजच्या व्यवहारातही उतरला. इमाम शाफिई यांच्या नावावर एक मत आहे : पैगंबर नसताना जो जिन्न पाहिल्याचा दावा करतो त्याची साक्ष न्यायालयात ग्राह्य धरू नये. जिन्न आहेत यावर शाफिईंचा पूर्ण विश्वास होता. 'आहेत' आणि 'मी पाहिले' यांतले अंतर मात्र ते मोजून ठेवत होते. पुढे इब्न हजर यांनी त्याचा अर्थ मर्यादित केला : जिन्नाचे मूळ रूप पाहिल्याचा दावा तेवढा अग्राह्य, कारण ते माणसाला दिसत नाही, असे कुराणच सुचवते.

२५.
या साऱ्या चाळणीनंतर श्रद्धेच्या कक्षेत उरते ते थोडे आहे. देवदूत आहेत आणि ते आज्ञेत आहेत. जिन्न आहेत आणि माणसासारखेच उत्तरदायी आहेत. बाबिलमध्ये हारूत आणि मारूत यांच्याकडून एक कसोटी झाली. बाकीची विहीर, पेला, मंत्र आणि कुत्रे हे सगळे ग्रंथांतून पुसले गेले नाही. इब्न कसीर यांनीही ते सारे आपल्या भाष्यात उतरवले, प्रत्येकाच्या शेजारी त्याची साखळी आणि तिच्यातली कच्ची कडी लिहून. वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी कथा घेतली आणि शेजारचा शेरा सोडून दिला. म्हणून बाबिलची विहीर फार्सी आणि उर्दू कवितेत आजही खोल आहे, आणि दमास्कसच्या त्या विद्वानाचा निर्वाळा भाष्याच्या पानात आहे. पहाटेची तांबूस चांदणी पाहून इब्न उमर खरेच रागावले होते का, हे फरज इब्न फदालाच्या भरवशावर सांगता येत नाही.